डब्यातली साय आणि तुपाचा वास

लोणी कढायला ठेवलं की घरात जो वास सुटतो, त्यावरून सायीच्या डब्याचे मागचे पंधरा दिवस कसे गेले ते ओळखता येतं. वास खमंग असेल, त्यात किंचित दह्याची आठवण असेल, तर सगळं ठीक. पण कधीकधी पातेलं गरम होताच असा कुबट, ओकारीच्या जवळ जाणारा दर्प येतो की खिडक्या उघडाव्या लागतात, शेजारी विचारतात आणि तूप होऊन बरणीत भरल्यावरही तो वास पाठ सोडत नाही. अशा वेळी घरात एकच निदान होतं: साय आंबली. म्हणून पुढच्या वेळी कोणी डब्यात दही घालायचं बंद करतं, कोणी साय चारच दिवस साठवतं, तर कोणी सरळ विकतचं तूप आणतं. मुळात आंबणं आणि कुबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकच समजल्यामुळे उपाय चुकतो.

आधी आंबण्याचं पाहू. सायीत नुसता स्निग्धांश नसतो. तिच्यात पाणी असतं, दुधातली साखर असते, प्रथिनं असतात. विरजणातले जिवाणू त्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात आणि साय दह्यासारखी आंबट होते. हे आम्ल पाण्यात विरघळतं, तुपात नाही. त्यामुळे साय घुसळल्यावर आंबटपणाचा मोठा भाग ताकात निघून जातो, लोण्याला चिकटलेला उरलासुरला लोणी धुताना जातो आणि शेवटी कढवताना पाणीच संपतं. सायीचं दही बऱ्यापैकी आंबट असूनही नीट धुतलेल्या लोण्याचं तूप गोड लागतं ते यामुळे.

कुबट वासाचा कारखाना दुसरीकडे असतो. थंडीतही वाढू शकणारे काही जिवाणू असतात. फ्रीजमध्ये इतर जिवाणू सुस्तावतात, हे मात्र आपलं काम चालू ठेवतात. ते साखरेपेक्षा स्निग्धांशावर आणि प्रथिनांवर हात टाकतात. दुधाच्या स्निग्धांशात ब्युटिरिक आम्ल नावाचा एक घटक असतो. तो बांधलेला असतो तोवर त्याला वास नाही. जिवाणूंच्या विकरांनी, म्हणजे एन्झाइमांनी, तो सुटा केला की तोच ओकारीचा दर्प. त्याच्यासोबत सुटणारी आणखी काही आम्लं तर पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. ती लोण्यातच मुरून बसतात. कितीही पाण्यानं धुवा, ती जात नाहीत. कढवताना काही भाग वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरतो आणि उरलेला बरणीत जातो. प्रथिनं तुटली की कडवटपणा येतो, तो वेगळाच. म्हणजे तुपाचं नुकसान करते ती सायीची पडून राहण्यातली बेवारस अवस्था. तेवढ्यासाठी विरजणाला दोष देण्यात अर्थ नाही.

जुन्या घरांतून हा प्रश्न फारसा नव्हता, कारण साय साठवायचीच नाही. गोठ्यात म्हैस असे, दूध भरपूर असे. आज विरजलेलं उद्या सकाळी रवीखाली जाई. लोणी दोनचार दिवस थंड पाण्यात ठेवलं तरी पुरे, मग कढवायचं. साठवणीची गरज पडली ती रोज लिटरभर दूध घेणाऱ्या शहरी घराला. एका दिवसाच्या सायीचं लोणी काढायचं तर रवीलाच निम्मं चिकटून राहील. म्हणून डबा आला, फ्रीज आला आणि त्यांच्याबरोबर हे कुबट वासाचं दुखणंही.

दुखण्याची सुरुवात बऱ्याचदा डब्याच्याही आधी, दुधात होते. दूध तापवल्यावर त्यातले बहुतेक जिवाणू मरतात. पण त्यांनी तोवर दुधात सोडलेली काही विकरं उकळीलाही दाद देत नाहीत. जिवाणू गेले तरी ती मागे राहून सायीतला स्निग्धांश तोडत राहतात. सकाळी सातला आलेलं दूध ओट्यावर ठेवून अकराला तापवलं, तर चहाला ते चालून जाईल, पण त्याच्या पंधरा दिवस जपलेल्या सायीत तो फरक दिसेल. कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळून दूध मिळतं, तिथलं गिऱ्हाईक ते घेऊन तडक घरी जातं आणि तापवतं. पिशवीचं दूध घेणाऱ्यांनीही हीच घाई करावी, निदान पिशवी तापवेपर्यंत फ्रीजमध्ये टाकावी.

कुठल्या दुधाला साय येईल हे पिशवीवर वाचता येतं. फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये ३ टक्के, डबल टोन्डमध्ये दीड. सुट्या म्हशीच्या दुधात साधारण साडेसहा-सात टक्के धरावा. मात्र पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ असा शब्द असेल तर टक्केवारी पाहून उपयोग नाही. त्या दुधातले स्निग्धांशाचे कण यंत्रात दाबून इतके बारीक केलेले असतात की ते वर तरंगून येतच नाहीत. दूध दाट लागतं, चहा उत्तम होतो, पण वर येते ती पापुद्र्यासारखी पातळ साय आणि तिच्यात लोणी फारसं नसतं. परदेशातल्या मराठी घरांमध्ये सायीचा डबा दिसत नाही तो याच कारणानं. तिथं दुकानातून बिनमिठाचं लोणी आणून तेच कढवतात.

आता साय धरण्याचं. दूध मोठ्या आचेवर एक उकळी आणून उतरवलं तर साय पातळ येते. उकळी आली की आच मंद करून आठ-दहा मिनिटं दूध तसंच ठेवावं, तळाशी लागू नये म्हणून जाड बुडाचं पातेलं घ्यावं. मग गॅस बंद केल्यावर त्याला हलवायचं नाही. वर झाकण न ठेवता जाळी ठेवावी, कारण झाकणाला जमलेलं वाफेचं पाणी थेंबाथेंबानं खाली पडतं आणि जमत आलेला थर भिजवून पातळ करतं. दूध खोलीच्या तापमानाला आलं की, उन्हाळ्यात दीड-दोन तासांच्या आत, झाकून फ्रीजमध्ये जाऊ द्यावं. तिथं सात-आठ तासांत खरी साय तयार होते: वरती प्रथिनांचा पापुद्रा आणि त्याच्या खालच्या अंगाला हळूहळू वर येऊन चिकटलेला लोण्याचा मऊ थर. गरम दुधावरची साय लगेच काढणाऱ्याच्या हाती फक्त पापुद्रा लागतो. म्हणून रात्री तापवून सकाळी काढलेली साय घसघशीत असते.

साय काढायचा चमचा कोरडा हवा. ही सूचना वाचताना फार किरकोळ वाटते, पण उकळलेल्या दुधावरची साय स्वच्छ असते; तिच्यात नवे जिवाणू येतात ते बहुधा ओल्या चमच्यावरून, बोटावरून किंवा डब्याच्या कडेला वाळून बसलेल्या जुन्या सायीतून. डबा स्टीलचा किंवा काचेचा, रुंद तोंडाचा, घट्ट झाकणाचा. प्लॅस्टिकच्या डब्याला मागच्या सायीचा वास धरून राहतो. त्यातून स्निग्धांश आसपासचे वास विलक्षण ओढून घेतो. चिरलेला कांदा नाहीतर फणस शेजारी उघडा असेल तर त्याची खबर तुपापर्यंत पोहोचते. नवी साय नेहमी थंडच घालावी. कोमट साय जुन्या थंड सायीवर पडली की मधला थर बराच वेळ उबदार राहतो, आणि जिवाणूंना तेवढी संधी बास होते.

आता डबा ठेवायचा कुठे, हा कळीचा मुद्दा. माझं मत फ्रीझरच्या बाजूनं आहे. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चार-पाच अंश असतं, दारात त्याहून जास्त. तिथं गोड साय चार-पाच दिवस नीट राहते, त्यानंतर थंडीतल्या त्या जिवाणूंचं राज्य सुरू होतं. फ्रीझरमध्ये उणे अठरा अंशांच्या आसपास कुठलाच जिवाणू वाढत नाही. विकरं पूर्ण थांबत नाहीत, फार मंदावतात. पंधरा-वीस दिवसांची साठवण त्यांना निश्चिंतपणे पचवता येते. साय गोठल्यानं बिघडते अशी एक समजूत आहे. ती रवाळ होते, फुटल्यासारखी दिसते हे खरं. गोठताना होणाऱ्या बर्फाच्या कणांनी लोण्याच्या बारीक थेंबांभोवतीचं आवरण फाटतं म्हणून तसं होतं. आपल्याला पुढे घुसळून तेच तर करायचं असतं, त्यामुळे गोठवलेल्या सायीचं लोणी उलट लवकर येतं. अडचण एकच: जिथं वीज रोज चार-सहा तास जाते तिथं डबा पुन्हा पुन्हा वितळतो आणि गोठतो. त्या गावात फ्रीझरवर विसंबू नये.

तिथं आणि फ्रीझर नसलेल्या घरात दुसरी रीत चांगली. पहिल्याच दिवशी डब्याच्या तळाशी दोन चमचे ताजं, गोड दही पसरायचं आणि त्यावर रोजची साय घालून हलकं ढवळत राहायचं. यात विरजणाचे जिवाणू राखणदार म्हणून बसवलेले असतात. ते साय आंबट करतात आणि त्या आंबटपणात कुबट वास आणणाऱ्यांचा निभाव लागत नाही. फ्रीजमध्ये ही साय सात-आठ दिवस चांगली राहते. मात्र ती रोज थोडी थोडी आंबट होत जाते, आणि दहा-बारा दिवसांनी आंबट जागी सुखानं वाढणारे यीस्ट आणि बुरशी येतात. दही घातलं आहे म्हणून महिनाभर डबा विसरायचा, हे या रीतीत बसत नाही. फ्रीझरमधल्या डब्यात दही घालण्याला तर काहीच अर्थ नाही. गोठलेले राखणदार झोपलेलेच असतात.

एका घराचा हिशेब मांडून पाहू. रोज एक लिटर म्हशीचं दूध, स्निग्धांश साडेसहा टक्के. एक लिटर दुधाचं वजन किलोपेक्षा किंचित जास्त भरतं, म्हणजे स्निग्धांश झाला सुमारे ६७ ग्रॅम. पंधरा दिवसांत किलोभर. त्यातला सगळा सायीत येत नाही. रीतीनं तापवलं आणि थंड केलं तर निम्मा आला असं धरू, बाकीचा दुधाबरोबर आपल्या पोटात जातो. म्हणजे डब्यात अर्धा किलो स्निग्धांश, आणि पाणी-प्रथिनांसह साय सव्वा किलोच्या आसपास. त्यातलं थोडं ताकात जाईल, थोडं बेरीला चिकटेल, आणि बरणीत चारशे ते साडेचारशे ग्रॅम तूप पडेल. टोन्ड दुधाच्या घरात याच्या निम्म्याचीही अपेक्षा धरू नये.

हा सव्वा किलोचा डबा शुक्रवारी रात्री फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवला, तर शनिवारी संध्याकाळपर्यंत सावकाश वितळतो. ओट्यावर वितळवायची घाई नको; कडेची साय उबते आणि मधली दगड राहते. मग पातेल्यात ओतून ते कोमट पाण्याच्या परातीत ठेवायचं, साय बोटाला जेमतेम कोमट लागेपर्यंत. गॅसवर तापवली तर स्निग्धांश तेलासारखा सुटून वर येतो आणि ते दही लोण्याला बिघडवतं. त्यात तीन चमचे ताजं दही नीट मिसळून झाकून ठेवायचं. उन्हाळ्यात पाच-सहा तास, थंडीत आठ-दहा. विरजण आदल्या दिवशीच्या गोड दह्याचं असावं. तळाशी पाणी सुटलेल्या आंबट दह्याचं विरजण लावलं तर तो आंबटपणाच वाढतो. साय आळली, चव सौम्य आंबट झाली की थांबायचं आणि पातेलं पुन्हा तीन-चार तास फ्रीजमध्ये ठेवायचं.

हे शेवटचं थंड करणं बहुतेक जण वगळतात. लोणी येतं ते स्निग्धांशाचे अर्धवट घट्ट झालेले कण एकमेकांना चिकटल्यामुळे. ते फार मऊ असतील तर पसरतात आणि ताकातच राहून जातात, फार कडक असतील तर एकमेकांना धरत नाहीत. घुसळताना साय दहा ते चौदा अंशांच्या दरम्यान असावी. थर्मामीटर लागत नाही: फ्रीजमधून काढून उन्हाळ्यात लगेच, हिवाळ्यात अर्धा-पाऊण तास थांबून घुसळायला घ्यावी. मिक्सरच्या भांड्यात एका वेळी अर्ध्याहून कमी साय, त्यात साधारण तेवढंच थंडगार पाणी, आणि सलग न फिरवता थांबून थांबून. आधी ती फुगून क्रीमसारखी होते, मग एकाएकी मिक्सरचा आवाज बदलतो, भांड्यात पाणी आपटल्यासारखं ऐकू येतं आणि पिवळसर-पांढरे कण दिसू लागतात. कण ज्वारीएवढे झाले की बंद करावं. त्याच्या पुढे फिरवलं तर मोठा गोळा होतो खरा, पण त्याच्या पोटात ताक अडकतं. लोणी भांड्याला सारवल्यासारखं बसलं, गोळा होईना, तर ते उबलंय: बर्फाचे दोन खडे टाकावे. बराच वेळ फिरवूनही नुसता फेस राहिला तर ते फार थंड आहे: थोडं साधं पाणी घालावं.

आता धुणं. आंबटपणा काढायची खरी जागा हीच, आणि घाईत सगळ्यात जास्त टाळली जाते तीही हीच. लोण्याचे कण चाळणीत घेऊन थंड पाण्यात सोडावे, हातानं अलगद दाबावे, पाणी ओतून द्यावं. पहिलं पाणी दुधाळ निघतं, दुसरं पांढुरकं, तिसरं किंवा चौथं नितळ. नितळ होईपर्यंत लॅक्टिक आम्ल आणि प्रथिनं लोण्यात आहेत असं समजावं. न धुतलेल्या लोण्याची बेरी खूप निघते, तळाला लवकर लागते आणि तूप करपट होतं. लोणी धुऊन झालं की त्याच दिवशी कढवावं.

कढवताना सुरुवातीला मोठा फेस येतो आणि तडतड आवाज होतो. ते पाणी जात असतं. आवाज मंदावला, फेस विरला आणि खालून तूप पारदर्शक दिसू लागलं की आच अगदी लहान करावी. मग दुसऱ्यांदा बारीक, दाट फेस वर येतो आणि तळाची बेरी सोनेरी होते. तूप त्या वेळी एकशेदहा-पंधरा अंशांवर असतं. इथं बंद करावं, कारण जाड पातेल्याच्या उष्णतेनं बेरी आणखी एक छटा गडद होणारच असते. तडतड चालू असतानाच उतरवलं तर तुपात पाणी राहतं आणि त्या तुपाला महिन्याभरात वास येऊ लागतो. अनेक घरांत शेवटी विड्याचं पान टाकतात. पान कुरकुरीत होऊन तडतडायचं थांबलं की पाणी संपल्याचीही ती खूण होते. कोमट झाल्यावर कोरड्या बरणीत गाळून, फ्रीजमध्ये न ठेवता सावकाश थंड होऊ द्यावं म्हणजे कणी पडते.

ज्यांना आंबटपणाचा लवलेशही नको, त्यांनी विरजण न लावता वितळलेली थंड साय तशीच घुसळली तरी लोणी येतं. ते पांढरं, गोड असतं, भाकरीवर छान लागतं, आणि खाली ताकाऐवजी पातळ दूध उरतं जे कणकेत किंवा चहात खपतं. पण अशा तुपाला तो ओळखीचा खमंगपणा जरा कमी असतो. सायीच्या दह्यात काही तासांत जे सुवासिक पदार्थ तयार होतात ते इथं होतच नाहीत. मला स्वतःला विरजलेल्या सायीचंच तूप आवडतं; सकाळच्या गरम भातावर दोन्ही घेऊन ज्यानं त्यानं ठरवावं.

डबा बिघडलाय हे घुसळण्याआधीच ओळखता आलं तर गॅस आणि मेहनत दोन्ही वाचतं. चमच्याच्या टोकावरची साय चाखून पाहावी. दह्यासारखी आंबट असेल तर बिनधास्त पुढे जावं, जास्त आंबट असेल तर लोणी दोनदा जास्त धुवावं. जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा रेंगाळला, साबणासारखं किंवा जुन्या चीजसारखं काही जाणवलं, तर धुऊन काही होणार नाही. वर गुलाबी, हिरवा, काळा डाग दिसला तर चाखूही नये. डाग असलेला थर काढून खालची साय वापरण्याचा मोह होतो, पण बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या खूप खाली गेलेले असतात, आणि काही जिवाणूंची विषं कढवूनही टिकतात. अशा तुपात चिमूटभर खायचा सोडा टाकून वास मारायचा एक उपाय सांगितला जातो. सोड्यानं सुट्या आम्लांचा साबण होतो आणि काही वास दबतो, पण तो साबण तुपातच राहतो आणि तूप फेसाळतं. त्यापेक्षा कडवट निघालेला डबा टाकून द्यावा, डबा गरम पाण्यानं आणि साबणानं घासून उन्हात वाळवावा आणि नव्या दुधाची साय धरावी.

राहिली बेरी. सव्वा किलो सायीच्या लोण्याची, धुऊन कढवली असेल तर, जेमतेम वाटीभर निघते. तिच्यात तूप आणि प्रथिनं दोन्ही असल्यानं ती टिकत नाही; साखर नाहीतर गूळ घालून दोन दिवसांत पोळीशी संपवावी. ती पुढच्या सायीच्या डब्यात मात्र कधीही टाकू नये.